पेस्ट लावली म्हणजे वासराला दुखत नाही, असे नाही

«वासराची शिंगे जाळू नका, कॉस्टिक पेस्ट लावा. पेस्टने दुखत नाही, भुलीचे इंजेक्शन लागत नाही. दोन-तीन महिन्यांपर्यंत केव्हाही लावता येते. लहान वासराला तसेही फारसे कळत नाही.»

पशुपालकांच्या गटांतून सतत फिरणाऱ्या या संदेशातला पहिला मुद्दा डोळ्यांना दिसते त्यावर बेतलेला आहे. तापलेले यंत्र टेकताच वासरू उसळते, तर पेस्ट लावल्यावर काही मिनिटे ते शांत उभे राहते. तोवर लावणारा हात धुऊन निघून गेलेला असतो. पेस्टमधला दाहक अल्क मात्र कातडीत हळूहळू खोल उतरतो आणि भाजणे काही तास चालू राहते. अर्ध्या-एक तासाने गोठ्यात परत जाऊन पाहावे: वासरू कान फडफडवते, डोके झटकते, मागच्या खुराने कपाळ खाजवू पाहते. चटका क्षणाचा असतो आणि हे भाजणे लांबते, एवढाच दोन्हींत फरक आहे. वेदनाशामक दोन्हीकडे लागते.

वयाबद्दलचा मुद्दा सर्वांत घातक आहे. जन्मल्यानंतर साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाची कळी कातडीतच असते, बोटाने हलवली तर हलते; पुढे ती कवटीच्या हाडाला चिकटते. पेस्ट पहिल्या आठवड्यातच लावायची असते, म्हणजे केस कापल्याशिवाय कळी नीट सापडतही नाही अशा वयात. कळी मोठी झाल्यावर लावलेली पेस्ट वाढीचा सगळा घेर मारत नाही आणि मग वेडेवाकडे खुंट उगवते, जे कधी कधी वळून कपाळातच रुतते. यंत्रासाठी कळी बोटाला स्पष्ट लागायला हवी, म्हणून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याचा काळ सोयीचा. दोन महिने उलटले की ती शस्त्रक्रिया होते, आणि त्याहून मोठ्या जनावरात शिंग कापले तर कपाळातली हवेची पोकळी उघडी पडून पू आणि अळ्या होण्याची भीती असते.

आपल्याकडे पेस्टची एक अडचण अशी आहे, जी बाटलीने दूध पाजणाऱ्या मोठ्या डेअरींना जाणवत नाही. आपण वासरू पाजून, गाय पान्हावली की धार काढतो. पेस्ट लावलेले वासरू सडाला ढुशी देते आणि पेस्ट कासेला लागते. गाय वासराचे डोके चाटते तेव्हा तिची जीभ भाजते. आमच्या ओळखीच्या एका गोठ्यात पावसाच्या सरीने पेस्ट ओघळून कालवडीच्या डोळ्यात गेली होती. म्हणून पेस्ट वापरायचीच तर हातमोजे घालावेत, केस कापून कळीभोवती व्हॅसलीनचे कडे करावे, पेस्टचा पातळ थर द्यावा आणि वासरू निदान एक दिवस कोरड्या जागी, आईपासून वेगळे ठेवावे. हे जमत नसेल तर यंत्रच बरे, असे माझे मत आहे.

यंत्राचे काम भुलीशिवाय करू नये. समजा, पाच आठवड्यांची, ४५ किलोची संकरित कालवड आहे. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कळी यांच्या साधारण मध्यावर, कपाळाच्या हाडाच्या कडेखाली पशुवैद्यक दोन्ही बाजूंना २ टक्के लिग्नोकेनचे प्रत्येकी ४ मिली देतात. पाच-दहा मिनिटे थांबून कळीभोवती सुई टोचून पाहावी. वासरू दचकले तर भूल बसलेली नाही, आणखी थांबावे. ही भूल दीड-दोन तासांत उतरते आणि खरे दुखणे तेव्हा सुरू होते, म्हणून आधीच मेलॉक्सिकॅम द्यायचे असते: किलोला ०.५ मिलिग्रॅम या हिशेबाने २२.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीच्या बाटलीतून ४.५ मिली. (गिधाडांमुळे डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, जुनी बाटली सापडली तरी वापरू नये.) लाकडावर टेकताच काळे कडे उमटेल इतके यंत्र तापलेले असावे. ते हलके फिरवत १० ते १५ सेकंद धरावे आणि कळीभोवती तांबूस रंगाचे अखंड कडे दिसताच उचलावे. कमी तापलेले यंत्र जास्त वेळ दाबून धरणे वाईट, कारण वासराची कवटी पातळ असते आणि उष्णता आत मेंदूपर्यंत पोचते.

लहान वासराला कळत नाही, याला आधार नाही. अगदी पहिल्या आठवड्यात कळ्या जाळलेल्या वासरांच्याही जखमेची कड पुढे काही आठवडे स्पर्शाला हळवी राहते. जखम पूर्ण भरायला यंत्राने साधारण दोन महिने लागतात आणि पेस्टने त्याहून अधिक. लवकर करण्याचा फायदा एवढाच, की जखम लहान होते.

तीन आठवड्यांनी दोन्ही जागा अंगठ्याने चाचपाव्यात. एखाद्या कडेला टणक उंचवटा लागला तर तेवढा भाग सुटला आहे. पुन्हा भूल देऊन, वासरू दोन महिन्यांचे होण्याआधी तो जाळून घ्यावा.