लॅपटॉप हलका हवा होता

प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलं, इथवर ठीक होतं. ते मी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, ही चूक. मनातल्या मनात ठरवलं असतं तर फक्त पायथन शिकावं लागलं असतं. जाहीर केल्यामुळे आधी नातेवाइकांचे सल्ले झेलावे लागले.

भाचा म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्डाशिवाय घेऊ नकोस." तो लॅपटॉपवर दिवसभर गाड्या ठोकतो, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं. मेहुणे म्हणाले, "प्रोसेसर सगळ्यात वरचा घ्या, बाकी आपोआप होतं." बायको म्हणाली, "हलका घ्या. तुम्ही तो कुठेही ठेवणार आणि उचलणार मी." तिघांपैकी अनुभवातून आलेला सल्ला हा एकच होता, म्हणून मी तो मानला.

लॅपटॉप आला तो खरंच हलका होता. रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी. विंडोज ११ चालायला किमान एवढंच लागतं, हे मी वाचलं होतं. फक्त 'किमान' हा शब्द मी 'पुरेसं' असा वाचला. माणूस तगायला किमान नाक पाण्याबाहेर असावं लागतं हे खरं, पण त्या अवस्थेत कुणी पोहायला शिकत नाही.

पहिल्याच संध्याकाळी पायथनचा इन्स्टॉलर उतरवून त्यावर टिचक्या मारल्या, तर हे यंत्र एस मोडमध्ये आहे, असं कळलं. म्हणजे दुकानातलं, तेही विंडोजच्या स्वतःच्या दुकानातलंच सामान घरात येणार. बाहेरचं काही नाही. काळी कमांडची खिडकीसुद्धा बंद. ज्याला प्रोग्रामिंग शिकायचंय त्याला हे म्हणजे स्वयंपाक शिकायला पाठवून शेगडीला कुलूप लावण्यासारखं. हा मोड सेटिंगमधून फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत लावता येत नाही. मी अर्धा तास त्या बटणाकडे बघत बसलो. मग दाबलं. घरात त्यानंतर काहीच बदललं नाही.

खरी मौज पुढे होती. ६४ जीबी म्हणून घेतलेलं स्टोरेज विंडोजमध्ये ५९ जीबी आणि वर काही पॉइंट असं दिसत होतं. मला वाटलं, आपल्याला फसवलं. तसं नसतं. खोक्यावरचा जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे तीच जागा आकड्यात कमी दिसते. पण उरलेल्यातही विंडोजचा संसार इतका पसरलेला होता की पहिलं मोठं अपडेट आलं आणि म्हणालं, जागा नाही. मी फोटो काढले, कागदपत्रं काढली, शेवटी ज्यासाठी लॅपटॉप घेतला तो प्रोग्राम लिहायचा एडिटर काढला. तेव्हा अपडेट झालं.

शिवाय ते स्टोरेज एसएसडी नव्हतंच. ईएमएमसी नावाचा प्रकार होता, स्वस्त फोनात असतो तो, बोर्डावरच डकवलेला. सिनेमा बघायला तो पुरतो. प्रोग्रामिंगमध्ये मात्र एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, मागवली की ती आपल्या हजारो चिमुकल्या फायलींचं लेंढार घेऊन येते, आणि अशा किरकोळ फायली लिहिताना ईएमएमसीची दमछाक होते.

तरी त्याहून मोठा रोग रॅमचा. काहीही न उघडता टास्क मॅनेजर उघडला, तर निम्म्याहून जास्त रॅम आधीच खर्ची पडलेली. ब्राउझरमध्ये धडा उघडला, शेजारी एडिटर, आणि आकडा ९० टक्क्यांवर. रॅम संपली की विंडोज मजकूर उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. डिस्क चपळ असेल तर हे खपून जातं. माझी डिस्क वर सांगितली तशी. मी एक अक्षर टाइप करायचो आणि ते उमटेपर्यंत पुढचं विसरायचो. गंमत म्हणजे यात पायथनचा दोष शून्य. पायथन स्वतः काही एमबीतच भागवतो. जागा खातात ते धडा दाखवणारा ब्राउझर आणि एडिटर.

"मग रॅम वाढव," भाचा म्हणाला. वाढवायला गेलो. टास्क मॅनेजरमध्ये Performance आणि मग Memory वर गेलं की उजवीकडे खाली Form factor अशी एक ओळ दिसते. तिथे SODIMM लिहिलेलं असेल तर रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असते, काढता-घालता येते. माझ्याकडे लिहिलं होतं Row of chips. म्हणजे चिपा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या. जन्मतः ४, मरेपर्यंत ४. पट्टी आणि खाच जाडी खातात, म्हणून पातळ यंत्रांत रॅम बहुधा अशी डकवतात. थोडक्यात, मी हलकेपणा मागितला होता आणि तो मला मिळाला होता.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो तो तयारीने. विक्रेता म्हणाला, "सर, ही घ्या, ५१२ ची मेमरी." मी म्हणालो, "हे स्टोरेज झालं. रॅम किती?" तो म्हणाला, "आठ. वाढते." मी म्हणालो, "टास्क मॅनेजर उघडा." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी साडी उलटी करून विण तपासतोय. पहिल्या यंत्रावर Row of chips. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर SODIMM, आणि शेजारी Slots used: 1 of 2. एक खाच रिकामी! रिकाम्या जागेचा एवढा आनंद मला एकदा रिझर्वेशन नसताना झाला होता, त्यानंतर आत्ताच. तिथेच आणखी एक ८ ची पट्टी घालून घेतली. सोळा. डिस्कच्या ओळीत SSD (NVMe) आहे हेही बघून घेतलं. ग्राफिक्स कार्ड नाही, वरचा प्रोसेसर नाही, वजन मात्र भरपूर. बायकोने उचलून पाहिला आणि काही बोलली नाही, जे जास्त वाईट असतं.

राहिला ऑपरेटिंग सिस्टिमचा वाद. त्यावर लोक भांडतात तेवढं भांडण्यासारखं शिकाऊ माणसासाठी त्यात काही नाही. आयफोनची ॲप बनवायची असतील तर मॅकच लागतो, कारण ती बनवायचं साधन, एक्सकोड, दुसरीकडे चालत नाही. आणि ॲपल चिपच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढत नाही, म्हणून पहिल्यांदाच पुरेशी घ्यायची. मला आयफोनचं काही करायचं नव्हतं. मी विंडोज ठेवलं आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या त्या काळ्या कमांडच्या खिडकीत एवढंच लिहिलं:

```
wsl --install
```

रिस्टार्ट केल्यावर विंडोजच्या आतच लिनक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा उबुंटू हा प्रकार, उभी राहिली. हे पाहुणं एरवी निम्म्या रॅमपर्यंत हात पसरू शकतं, आणि सोळा घेतल्याचं सार्थक मला तिथे कळलं.

आठवड्याने भाचा सुट्टीला आला. नवा लॅपटॉप "जरा बघतो" म्हणून घेऊन गेला तो अजून बघतोच आहे. मी कपाटातला जुना हलका काढला, विंडोज पुसून त्यावर एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स टाकलं. तेच ४ जीबी, पण आता धडा उघडूनही अक्षरं बोटांबरोबर उमटतात. बायको तो एका हाताने उचलते. रात्री सगळं शांत झाल्यावर मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला:

```
for i in range(5):
print("नमस्कार")
```

क्षणात उत्तर आलं: IndentationError. दुसऱ्या ओळीच्या आधी जागा सोडलेली नाही. यंत्रात सगळं होतं, जागा या वेळी माझ्याकडूनच कमी पडली होती. चार स्पेस.