मी पुस्तक वाचलो

सहलीवरच्या निबंधांची थप्पी तपासत बसले आहे. आठवीचा वर्ग, मराठी माध्यम, बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. एका मुलाचा मजकूर त्याच्याच शब्दांत देते: 'आम्ही राजहंसगड बघितलो. वाटेत मी एक पाटी वाचलो. सरांनी गडाची माहिती सांगितले. आईने दिलेला डबा खाल्लो. दोन फोटो काढलो. संध्याकाळी घरी आलो.'

सहा वाक्यांत पाच चुका, आणि पाचही एकाच जागी. त्यातली पाटीची चूक मला सगळ्यात बोलकी वाटते. 'मी वाचलो' म्हणजे संकटातून माझा जीव वाचला. पाटी मात्र 'वाचली'.

गेली कित्येक वर्षं मी ही चूक लाल शाईने खोडत आले. खोडल्यामुळे ती थांबली नाही, कारण चुकीचं मूळ मुलाच्या निष्काळजीपणात नाहीच. शेवटच्या वाक्यात बघा, 'आलो' बरोबर आहे. येणे या क्रियेला कर्म नाही, म्हणून क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. हा कर्तरी प्रयोग. मुलाने तोच नियम सगळ्या वाक्यांना लावला: मी आलो, म्हणून मी वाचलो, मी खाल्लो. त्याच्या घरात, गल्लीत, बसमध्ये लोक असंच बोलतात. शेजारच्या कन्नडमध्येही क्रियापद कर्त्यालाच धरून असतं: 'अवनु पुस्तक ओदिदनु', 'अवळु पुस्तक ओदिदळु'. त्याने वाचलं की तिने, एवढ्यावर क्रियापद बदलतं, पुस्तकाला तिथे काही म्हणणं नसतं. दोन भाषा पिढ्यानपिढ्या एका उंबऱ्यात नांदल्या की असं होतं. म्हणून त्या बोलीला मी अशुद्ध म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर मला राग येतो. पण परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहायची असते, आणि तिचा नियम मुलाला समजेल असा सांगणं हे माझं काम आहे.

नियम असा. क्रियापद सकर्मक असेल आणि काळ साधा भूतकाळ असेल, तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं, मी आंबे खाल्ले. खाणारा मुलगा असो वा मुलगी, फरक पडत नाही. हा कर्मणी प्रयोग. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं: मी बहिणीला बघितलं. हा भावे.

मुलं अडखळतात ती 'मी', 'आम्ही', 'तू', 'तुम्ही' या शब्दांपाशी. 'राजूने' म्हटलं की 'ने' दिसतो आणि कर्ता बाजूला झाल्याची खूण पटते. 'मी'ला ती खूण नाही. 'मी खातो' मधला मी आणि 'मी खाल्ला' मधला मी दिसायला एकच. म्हणून मी मुलांना 'मी' झाकून तिथे 'राजूने' लिहायला सांगते. 'राजूने पाटी वाचली' असं तोंडातून आलं की पुन्हा 'मी' ठेवायचा, क्रियापदाला हात लावायचा नाही. पण ज्यांच्या घरी 'राजू डबा खाल्ला' असंच म्हणतात, त्यांना ही युक्ती उपयोगी पडत नाही. त्यांच्याकडून कर्म बदलून घेते: डबा, भाकरी, केळं. तिन्ही वेळा क्रियापद तसंच राहिलं तर चूक तिथेच सापडते.

मुलींच्या वहीत ही चूक लपते. मुलगी 'मी दोन फोटो काढले' लिहिते, आपण बरोबरची खूण करतो. खरं तर तिने 'मी गेले'सारखं स्वतःला धरून 'काढले' लिहिलेलं असू शकतं, आणि फोटो अनेकवचनी असल्यामुळे उत्तर आपोआप जुळलं. 'मी काम केले' याचंही तेच. म्हणून मुलींना भाकरीचं वाक्य द्यावं. 'मी भाकरी खाल्ले' आलं की कळतं.

आता दुसरा घोटाळा, जो मुलांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस, असं समीकरण फळ्यावर लिहिलं जातं. मीही लिहिलं आहे. त्याचा परिणाम इंग्रजीच्या तासाला दिसतो. 'रामाने आंबा खाल्ला' याचं भाषांतर मुलं 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असं करतात. 'ने' म्हणजे 'बाय' आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, दोन्ही पाठ केलेलं. बरोबर भाषांतर साधं आहे: 'राम एट अ मँगो'. अॅक्टिव्ह.

कारण इंग्रजीत व्हॉइस ही लिहिणाऱ्याची निवड असते. कुठल्याही काळात वाक्य हवं तर फिरवता येतं, कर्ता पुढे ठेवायचा की कर्म, ते तुम्ही ठरवता. मराठीत 'राम आंबा खातो'चा भूतकाळ केला की कर्मणी आपसूक होतो. कुणी काही फिरवलेलं नसतं. राम तिथेच, पुढेच असतो.

याचा पुरावा मुलांना असा दाखवते. 'रामाने घरी येऊन आंबा खाल्ला.' घरी कोण आलं? राम. 'ऊन' लावलेली क्रिया रामाकडेच जाते, म्हणजे वाक्याचा धनी रामच. मराठीत इंग्रजीच्या पॅसिव्हसारखं वाक्य वेगळं आहे: 'आंबा खाल्ला गेला', 'रावण रामाकडून मारला गेला'. व्याकरणात त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. तिथे 'जाणे' हे सहायक क्रियापद येतं आणि 'ने'च्या जागी 'कडून'. वाक्यात 'गेला' जोडलेला दिसला तर पॅसिव्हचा विचार करा, नुसता 'ने' दिसला तर करू नका, इतकं सांगितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. 'करण्यात आले' हेही त्याच कुळातलं, पण ते नोटिशीत शोभतं. निबंधात 'माझ्याकडून अभ्यास करण्यात आला' लिहिणाऱ्या मुलाला मी 'मी अभ्यास केला' असं लिहायला लावते.

इंग्रजी वहीत उलटी चूकही भेटते: 'द अॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड'. हॅपनला कर्मच नाही, मग पॅसिव्ह कशाचा करणार? कर्म शोधा, नसेल तर विषय संपला.

परवा हे सगळं शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण टीचर, मी पाणी प्यायले, हे बरोबर आहे की!" बरोबर आहे. पाणी कर्म आहे, काळ भूतकाळ आहे, तरी क्रियापद तिच्यामागे गेलं. मी धडा शिकलो, मी नाव विसरलो, ती साडी नेसली, हीही तशीच. मराठीत अशी मोजकी सकर्मक क्रियापदं भूतकाळातही कर्तरीच राहतात. ती पाठच करावी लागतात. नाहीतर लाल शाईला घाबरून मुलं 'मी नाव विसरलं' असं लिहू लागतात. तेही माझ्याकडे आलं आहे.

आम्ही वर्गात ही यादी भिंतीवर लावली आहे. 'म्हणणे'वर सध्या गाडी अडली आहे, कारण 'मी कविता म्हटली' होतं आणि 'मी म्हणाले' हेही होतं. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या शिक्षकांनी अजून क्रियापदं सुचवली तर सोमवारी तीही लावेन.