खुलासा: खोटा जातीचा दाखला आणि जुनी नोकरी

एक मेसेज फिरतोय: "दहा-पंधरा वर्षं नोकरी झाली असेल तर जातीचा दाखला खोटा ठरला तरी नोकरी जात नाही, हायकोर्टाचा निकाल आहे."

निकाल होता, पण आता तो लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2014 मध्ये असं संरक्षण मान्य केलं होतं. फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या प्रकरणात 6 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत चुकीचं ठरवलं. महाराष्ट्राच्या जातपडताळणी कायद्याच्या कलम 10 नुसार, पडताळणी समितीने दावा अवैध ठरवला की राखीव जागेवरची नेमणूक काढून घेतली जाते. किती वर्षं सेवा झाली, हे पाहिलं जात नाही. फसवण्याचा हेतू नव्हता, ही सबबही इथे चालत नाही. हेतूचा प्रश्न येतो तो फौजदारी खटल्यात. कलम 11 मध्ये त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही आहे.

राज्य शासनाने 21 डिसेंबर 2019 च्या निर्णयाने अशा अनेक कर्मचाऱ्यांना 11 महिन्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त तात्पुरत्या तयार केलेल्या पदांवर घेतलं. त्यालाच काहीजण 'नोकरी वाचली' म्हणतात. मूळ राखीव पद मात्र त्यांच्याकडे राहिलं नाही.

2014 चा निकाल जोडलेला तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.