सुनेचं कौतुक पुरे, तिला झोपू द्या

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

खानापूर तालुक्यातलं एक घर. सासऱ्यांना जिभेचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय, खाणंपिणं सगळं नाकातल्या नळीतून. मी ड्रेसिंगला गेले तेव्हा सोप्यात सहा पाहुणे, टीपॉयवर शहाळी आणि सफरचंदं. ज्या माणसाला घोटभर पाणी गिळता येत नाही त्याच्यासाठी सफरचंदं! आत वहिनी नळीला सिरिंज लावून नाचणीची आंबील घालत होत्या आणि उभ्याउभ्या त्यांचा डोळा लागला होता. सासरे उताणे. एक ठसका लागला असता तर आंबील थेट फुप्फुसात. आणि बाहेरून आवाज आला, "सून मात्र नशिबानं मिळाली हो. चहा ठेवतेस काय गं?"

हे कौतुक नाही, दावं आहे. एकदा "तीच करते, तिलाच जमतं" असं ठरलं की बाकीच्यांचे हात मोकळे. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत दिवसभर भट्टीपुढे उभा असतो, दमतो, मान्य. पण त्याला घरी आल्यावर झोप मिळते. हिला अडीच महिन्यांत सलग चार तास मिळालेली नाहीत.

घरचे म्हणतात, "हल्ली चिडचिड करते." अहो, चिडचिड ही सुरुवात आहे. पाठोपाठ चुका होतात. गोळी दिली की नाही आठवत नाही, उताण्या माणसाला नळीतून घातलं जातं. मग वेळ मिळाला तरी झोप येत नाही, जेवण जात नाही, कशानंही रडू येतं. तिथवर गेलं असेल तर तिलाही डॉक्टरकडे न्या. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फुकट बोलता येतं, मराठीत आणि कन्नडमध्येही. जीव नकोसा झालाय असं ती म्हणाली तर त्याच दिवशी.

आज पाहुणे गेल्यावर नवऱ्याला आणि जाऊबाईंना बसवलं. आधी रात्र मोकळी केली. वहिनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडंथोडं घालत होत्या. कुणी सांगितलं? कुणीच नाही, "अशक्तपणा येईल" म्हणून. दिवसाचं एकूण माप आहारतज्ज्ञांनी आधीच लिहून दिलं होतं, फोन करून त्यांना विचारलं आणि तेच सात वेळांत बसवलं: सकाळी ६, साडेआठ, ११, दीड, ४, साडेसहा, रात्री ९. प्रत्येक वेळी २५० मिली. रात्री काही नाही. मॉर्फिन दर चार तासांनी आहे, त्यासाठी रात्रीचा गजर लागतो. झोपतानाचा डोस दुप्पट करून मधला वगळता येतो, पण तो डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. उद्या विचारायचं काम नवऱ्याकडे.

मग "तिलाच जमतं" हे मोडलं. जाऊबाईंना हातात सिरिंज देऊन शिकवलं. आधी नळीवरची खूण नाकपुडीशीच आहे ना बघा. सरकलेली दिसली तर काही घालू नका. पाठीला उशा लावून अर्धवट बसवा. सिरिंजचा दट्ट्या काढा, आंबील आपोआप उतरू द्या, ढकलू नका. ठसका आला की नळी दुमडून थांबा. शेवटी ४० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. तुंबते ती बहुतेक न गाळलेल्या आंबिलीनं आणि जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी. नंतर तासभर आडवं करायचं नाही. नळी निघालीच तर घरी परत घालायची नाही, दवाखाना गाठायचा. वीस मिनिटांत जाऊबाईंना आलं. वीस मिनिटं! अडीच महिने कुणाला सुचलं नाही.

आता दीडचं खाणं जाऊबाईंकडे, आणि २ ते ४ वहिनी जाऊबाईंच्याच घरी जाऊन झोपणार. आपल्या घरी नाही, कारण खोकल्याचा आवाज आला की उठणारच. रात्री ९ चं खाणं नवरा घालेल आणि २ पर्यंत वडिलांशेजारी तोच, वहिनी साडेनऊला आतल्या खोलीत. दोननंतर त्या.

पुण्याचा दीर पैसे पाठवतो, त्याला उगाच बोलत होते मी. लांब राहून तो तरी काय करणार? पण काम आहे त्यालाही: पाहुण्यांचे सगळे फोन त्यानं घ्यायचे, आणि महिन्यातले चार दिवस तारीख ठरवून यायचं. "जमेल तसं येतो" चालणार नाही. पाहुण्यांनो, तुम्हालाही. सफरचंदं नकोत. पाठ फिरवायला एक माणूस लागतो, कपडे धुवायचे असतात, कुणाच्या तरी घरून भाकरी-भाजीचा डबा यायला हवा.

नऊ वाजता नवऱ्यानं पहिल्यांदा सिरिंज धरली. हात थरथरत होता. वडिलांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो स्थिर झाला. वहिनी मात्र दारातच उभ्या, "खूण बघितलीत? पाणी घातलंत?" शेवटी जाऊबाईंनी त्यांना आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.