दुकान चालतंय, तरी पेटीचं दुःख खरं आहे

"आई-बापाने सांगितलं ते शिकलास, म्हणून आज पोट भरतंय, घर उभं आहे. ज्या वाटेने गेलासच नाहीस तिचं दुःख कसलं? खरी आवड असती तर तेव्हाच भांडला असतास. आता रडणं म्हणजे आई-बापाला दोष देणं."

असं म्हणणारे भेटतात. त्यांना उत्तर देताना पोटाचं आधी बोलतो. कुडाळजवळ माझं औषधांचं दुकान आहे, ते बरं चालतं आणि त्याने मला काय दिलं हे मी जाणतो. पण बारावीपर्यंत मी मामाच्या शेजारी दशावतारात पेटीला बसायचो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट रंगमंचावर आयत्या वेळी बोलतो आणि पेटीवाला त्याच्या श्वासाकडे डोळे लावून सूर धरतो. ते मला येऊ लागलं होतं. 1996 साली बारावी झाली, बाबांनी डी. फार्मसीचा फॉर्म आणला, आणि मी पेटी माळ्यावर ठेवली.

माणूस गेलं की आपल्याकडे सुतक असतं, शेजारी पेज आणून देतात, तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. माळ्यावर गेलेल्या पेटीचं सुतक कोणी पाळत नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. जे गमावलं ते समाजाच्या लेखी गमावणंच नसतं, म्हणून त्यावर उघड रडण्याचा हक्कही मिळत नाही. दुःख मात्र तेवढंच असतं, फक्त ते भलत्या वाटेने बाहेर येतं. माझ्या बाबतीत असं झालं, की कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मी काहीतरी काम काढून दुकानात थांबायचो. बायकोला वाटायचं, याला गर्दी आवडत नाही.

(एक फरक मात्र ओळखायला हवा. हे दुःख लाटेसारखं येतं, पेटीचा सूर कानावर पडला की येतं आणि ओसरतं. दोन आठवडे सलग, दिवसभर मन बसलेलं असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर ते वेगळं आहे. त्यासाठी डॉक्टरकडेच जावं.)

भांडलो का नाही? कारण तेव्हा भांडण्यासारखं काही वाटलंच नाही. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये दाखवलं, की काही तरुण स्वतः काही चाचपून न बघताच आई-वडिलांनी आखलेली वाट आपली मानतात आणि त्यावर ठामही असतात. मी तसाच होतो. कोणी विचारलं असतं तर "मलाच फार्मासिस्ट व्हायचंय" असं सांगितलं असतं, आणि ते खोटं नसतं. दुःख उशिरा येतं ते यामुळे. केलेल्या गोष्टीचा पस्तावा सुरुवातीला जास्त टोचतो, न केलेल्या गोष्टीचा वर्षं जातील तसा वाढतो, हे गिलोविच आणि मेदवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात मांडलं. माझा मुलगा अठराचा झाला त्या वर्षी मला पहिल्यांदा रडू आलं.

एक मात्र कबूल करतो. न चाललेल्या वाटेवर खड्डे दिसत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी जत्रेला गेलो आणि रात्रभर पेटीवाल्यामागे बसलो. टेम्पोतला प्रवास, जागरणं, मिळणारी बिदागी, पावसाळ्यातले रिकामे महिने, सगळं त्याला विचारलं. नाव झालं असतं वगैरे माझी कल्पना त्या रात्रीतच गळून पडली. पण पहाटे दहीकाला झाला, कंपनीतली माणसं तोंडावरचा रंग पुसत एकमेकांच्या चुका काढत हसत होती, तेव्हा कळलं की माझं गेलं ते हे. वाजवणं पन्नाशीतही शिकता येईल. त्या माणसांबरोबर पंचवीस वर्षं मुरणं आता मिळणार नाही.

आणि दोष. बाबा मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षी आम्ही ट्रंका घेऊन गावाला आलो. त्यांनी माझ्यासाठी काउंटर निवडलं ते त्या भीतीने, हे समजायला मला वेळ लागला. समजल्यावर राग गेला, दुःख गेलं नाही, कारण ते बाबांबद्दल नव्हतंच. ते बोलायचं मी टाळत राहिलो, तोवर आमच्यातही काहीतरी अडून होतं.

या मे महिन्यात पेटी खाली काढली. भाता झुरळांनी खाल्लेला, खाऱ्या हवेने पितळी सुरांवर हिरवा थर. बाबा शेजारी येऊन बसले.

"बाबा, माका ह्याच करूचा होता."

"माका ठावक होता," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी एकच पट्टी दाबून धरली. तिला आवाज नव्हता. मग म्हणाले, "भातो कोण शिवता आता?"

आम्ही दोघंही विचार करत बसलो.