ऑप्टिकल केबल, अ‍ॅटमॉस आणि 'प्रकाशाचा वेग'

'साउंडबार टीव्हीला ऑप्टिकलनेच जोडा. त्यातून प्रकाश जातो, त्यामुळे एचडीएमआयपेक्षा जास्त डेटा मावतो. डॉल्बी अ‍ॅटमॉससकट सगळं मिळतं. मिळत नसेल तर तुमची केबल स्वस्तातली आहे, काचेच्या फायबरची घ्या.'

हा सल्ला नेहमी ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे: अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा सराउंड आवाज, ऑप्टिकलमधून मिळत नाही. सुरुवात प्रकाशापासून. वेगामुळे सिग्नल किती लवकर पोचतो ते ठरतं. एका सेकंदात किती बिट मावतील ते दोन्ही टोकांची यंत्रं ठरवतात. टीव्हीच्या त्या भोकात डोकावलात तर एक लाल एलईडी दिसेल. तो उघडझाप करतो आणि पलीकडचा सेन्सर ती मोजतो. तोशिबाने ही जोडणी 1983 मध्ये आणली, ती सीडी प्लेयरसाठी, म्हणजे दोन चॅनेलच्या आवाजासाठी. त्यातून जाणारा एसपीडीआयएफ हा सिग्नलही त्याच हिशेबाने आखलेला आहे.

हा हिशेब एकदा करून पाहाच. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येकी 16 बिट, दोन चॅनेल: 15,36,000 बिट, म्हणजे 1,536 केबीपीएस. 5.1 चा आवाज असाच न दाबता पाठवायचा तर सहा चॅनेल लागतात आणि आकडा जातो 46,08,000 वर. म्हणून न दाबलेला सराउंड, म्हणजे मल्टिचॅनेल पीसीएम, ऑप्टिकलमधून जात नाही. जातो तो दाबलेला सराउंड, स्टिरिओच्याच जागेत बसवून. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त 640 केबीपीएस घेतं, ते आरामात बसतं. जुनं डीटीएस 1,509 केबीपीएसपर्यंत जातं, म्हणजे 1,536 च्या जागेत अगदी काठोकाठ. इथे यादी संपली.

ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी 18 एमबीपीएसपर्यंत आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्याच्याही वर जाऊ शकतं. त्यांचा प्रश्नच नको.

आता अ‍ॅटमॉस. तो स्वतंत्र प्रवास करत नाही. ब्लू-रेवर बहुधा ट्रूएचडीच्या आणि ओटीटीवर डॉल्बी डिजिटल प्लसच्या पाठीवर बसून येतो. इथे जाणकारही अडखळतात. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस बहुतेक वेळा 768 केबीपीएस किंवा त्याहून कमी असतो, मग 1,536 च्या जागेत का मावू नये? नुसत्या आकड्यांनी मावलाही असता. पण डॉल्बी डिजिटल प्लसची मर्यादा 6 एमबीपीएसच्या वर ठेवलेली असल्यामुळे, ते डिजिटल जोडणीतून पाठवायचा जो प्रमाणित साचा आहे, तो नेहमीच्या चौपट वेगाने चालतो, प्रत्यक्ष आवाज कितीही छोटा असो. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआयच्या एआरसी या सोयीतून तो साचा जातो, ऑप्टिकलमधून पाठवायची सोय टीव्ही करत नाहीत. टीव्ही मग त्याचं साधं डॉल्बी डिजिटल 5.1 करून पाठवतो, नाहीतर सरळ स्टिरिओ. उंचीची माहिती टीव्हीतच गळते.

राहिली काचेची केबल. साधी प्लॅस्टिकची केबल दोनतीन मीटरला पुरेशी असते. फार वाकवली किंवा टोकाला धूळ बसली तर आवाज तुटतो, खरखरतो किंवा बंद पडतो. म्हणजे दोष दिसतो तो असा, आणि अशा वेळी केबल बदलणं रास्त आहे. पण 'आवाज येतो, अ‍ॅटमॉस येत नाही' हा केबलचा दोष असूच शकत नाही. काच लावली म्हणून टीव्ही वेगळं काही पाठवायला लागत नाही.

'पण माझ्याकडे तर वरच्या स्पीकरमधूनही आवाज येतो!' येणारच. साउंडबार 5.1 किंवा स्टिरिओ घेऊन स्वतःच अंदाजाने वर आणि बाजूला पसरवतो. ऐकायला वाईट नसतं, पण पाऊस डोक्यावर पडतोय हे मूळ मिक्समधलं नसतं. खात्री करायची तर अ‍ॅटमॉसचा सिनेमा लावून साउंडबारच्या डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये बघा. `Dolby Digital` किंवा `Dolby Audio` दिसलं तर 5.1 येतंय. `PCM` दिसलं तर बहुधा तुम्ही स्टिरिओच ऐकताय. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये `PCM` च्या जागी `Bitstream` किंवा `Auto` करा, निदान 5.1 तरी मिळेल. एचडीएमआयने टीव्हीला जोडलेल्या प्लेयरचा आवाज काही टीव्ही ऑप्टिकलवर स्टिरिओच सोडतात, तिथे या सेटिंगचाही उपयोग होत नाही.

ब्लू-रे प्लेयरला ऑप्टिकल लावलीत तर गंमत वेगळी. डीटीएस-एचडीच्या पोटात जुनं डीटीएस असतंच, प्लेयर तेवढं काढून देतो. ट्रूएचडीच्या सोबतीला डिस्कवर साधं डॉल्बी डिजिटलही ठेवलेलं असतं, ते जातं. आवाज येतो म्हणून लोकांना वाटतं, सगळं आलं.

अ‍ॅटमॉस हवा असेल तर ओटीटीसाठी टीव्हीच्या `ARC` लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला साउंडबार जोडा. तो आवाज पुढे जाऊ देणारा टीव्ही असला की काम झालं. टीव्हीमार्फत ट्रूएचडी हवं तर दोन्हीकडे एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती, `eARC`, लागेल. ते नसेल आणि साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल, तर प्लेयर थेट साउंडबारला लावून तिथून चित्र टीव्हीकडे न्या. आणि घरी जुना 5.1 रिसीव्हर असेल, किंवा एचडीएमआय जोडल्यावर स्पीकरमध्ये अर्थिंगची गुणगुण येत असेल, तर ऑप्टिकल खुशाल ठेवा. तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे ती गुणगुण या वाटेने येत नाही.