गोलावरचा त्रिकोण शाळेतल्या सूत्रात का मावत नाही

फिरत असलेला संदेश असा आहे:

"१. गोल पृथ्वीवाले त्रिकोणाची बाजू अंशात मोजतात. अंतर किलोमीटरमध्ये असतं, अंशात कोन असतो. इथेच घोटाळा सुरू होतो. २. त्रिकोण कुठेही काढा, तीन कोनांची बेरीज १८० अंशच येणार. ३. शाळेत c² = a² + b² − 2ab cos C शिकवलं, मग पृथ्वीसाठी दुसरं सूत्र कशाला? उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून सपाट नकाशा काढा आणि शाळेचंच सूत्र लावा. मुंबई-न्यूयॉर्क अंतर जवळजवळ बरोबर येतं. ४. त्यांचं सूत्र शंभर मीटरचं अंतरसुद्धा नीट सांगत नाही. करून पाहा."

हा संदेश मला एका विद्यार्थ्याने पाठवला. त्यातला तिसरा आणि चौथा मुद्दा आकडेमोड करून लिहिलेला आहे. ज्याने आकडे मांडले आहेत त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं.

अंशांपासून सुरुवात करू. गोलावर दोन गावांमधली सरळात सरळ वाट म्हणजे त्या दोन गावांवर दोरा ताणून धरला की तो जिथून जातो ती. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारं प्रतल पृष्ठभागाला जिथे कापतं त्या बृहद्‌वृत्ताचा तो तुकडा असतो. केंद्रापासून दोन्ही गावांकडे दोन रेषा काढल्या तर त्यांच्यामध्ये एक कोन तयार होतो. तोच कोन आपण बाजूचं माप म्हणून लिहितो. त्याला १११.२ ने गुणलं की किलोमीटर मिळतात, कारण ६,३७१ किमी त्रिज्येच्या गोलावर केंद्राशी १ अंश म्हणजे पृष्ठभागावर तेवढंच अंतर. कागदावर असं केंद्र नसतं, त्यामुळे तिथे बाजूला अंशाचं माप देताच येत नाही. गोलावर मात्र ही सोय आहे, आणि हिच्याशिवाय पुढचं सूत्र लिहिता येत नाही.

दुसऱ्या मुद्द्यासाठी एक मोसंबं घ्या. देठापासून खाली मधल्या रेषेपर्यंत एक रेघ काढा, तिथे काटकोनात वळून मोसंब्याच्या घेराच्या चौथ्या भागाइतकं जा, पुन्हा काटकोनात वळून देठापाशी या. देठाशीही काटकोनच झालेला दिसेल. तीन काटकोन, बेरीज २७०. तिन्ही बाजू सारख्या आणि तरी काटकोन, म्हणजे पायथागोरसही इथे लागू पडत नाही. १८० च्या वर जी वाढ असते ती त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. पृथ्वीवर दर १९७ चौरस किलोमीटरला साधारण १ सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शेतात काढलेल्या त्रिकोणात ती कधीच दिसणार नाही. पण ४० किमी बाजूंच्या समभुज त्रिकोणात ती साडेतीन सेकंद होते आणि थिओडोलाइट या कोन मोजायच्या चांगल्या उपकरणावर पकडता येते. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून लॅम्बटनने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. अशा मोठ्या सर्वेक्षणात ही वाढ हिशेबात धरावीच लागते. त्यासाठी फ्रेंच गणिती लजांद्रची एक सुरेख युक्ती आहे. वाढीचा एक-तृतीयांश प्रत्येक कोनातून वजा करायचा आणि मग सपाट त्रिकोणाची सूत्रं वापरायची. लहान त्रिकोणांना ती पुरेशी अचूक असते.

आता तिसरा मुद्दा. यात संदेशाचा खरा जीव आहे, म्हणून इथे जरा थांबू. a, b, c या त्रिकोणाच्या बाजू आणि C हा c समोरचा कोन धरला तर गोलावरचा कोसाइनचा नियम असा:

```
cos c = cos a · cos b + sin a · sin b · cos C
```

हा बाहेरून आणून लादलेला नाही. तो शाळेच्या नियमातूनच निघतो, तोच नियम दोनदा वापरून. पृथ्वीची त्रिज्या १ धरा, केंद्र O. C हा उत्तर ध्रुव, A मुंबई, B न्यूयॉर्क. ध्रुवावर दोन स्पर्शिका काढा, एक मुंबईच्या दिशेने, एक न्यूयॉर्कच्या. पहिली स्पर्शिका वाढवलेल्या OA रेषेला D मध्ये भेटेल, दुसरी वाढवलेल्या OB ला E मध्ये. D आणि E जोडा. DE ही साधी सरळ रेषा आहे आणि ती दोन सपाट त्रिकोणांची बाजू आहे. DCE मध्ये बाजू tan b आणि tan a, त्यांच्यामधला कोन C. DOE मध्ये बाजू sec b आणि sec a, त्यांच्यामधला कोन c. दोन्हीकडून DE² लिहा:

```
tan²a + tan²b − 2 tan a tan b cos C
  = sec²a + sec²b − 2 sec a sec b cos c
```

sec² वजा tan² म्हणजे १. डावीकडचे वर्ग उजवीकडे नेले की तिथे २ उरतात. मग दोन्ही बाजूंना cos a cos b ने गुणून आवरलं की वरचा नियम हातात येतो. (ही मांडणी a आणि b दोन्ही ९० अंशांपेक्षा लहान असतानाची आहे. नियम मात्र मोठ्या बाजूंनाही लागू होतो.) म्हणजे शाळेचा नियम खोटा ठरत नाही. तो ज्या सपाट त्रिकोणांना लागू आहे ते त्रिकोण पृथ्वीच्या पृष्ठभागावर नाहीत, एवढंच.

उलट दिशेनेही जाता येतं. बाजू खूप लहान असल्या आणि त्या अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजल्या की cos a च्या जागी 1 − a²/2 आणि sin a च्या जागी a लिहिता येतं. तसं लिहून अगदी बारीक पदं सोडली की c² = a² + b² − 2ab cos C परत मिळतं. सोडलेली पदं किती महागात पडतात ते ३०-४०-५० च्या काटकोन त्रिकोणावर बघा. ३० आणि ४० किमी बाजू असतील तर गोलावर कर्ण ५० किमीपेक्षा फक्त १२ सेंटिमीटरने कमी भरतो. ३०० आणि ४०० किमी घेतल्या तर तो ५०० पेक्षा सुमारे १२० मीटरने कमी. ३,००० आणि ४,००० घेतल्या तर ४,८७५ किमी, म्हणजे तूट १२५ किलोमीटरची. बाजू दहापट केल्या की तूट साधारण हजारपट होते. कागदावर त्रिकोण मोठा केला तर आकार तोच राहतो, समरूप त्रिकोणांचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. गोलावर समरूप पण लहानमोठे त्रिकोण असूच शकत नाहीत. तिथे तीन कोन सांगितले की बाजूही ठरून जातात. माझ्या मते दोन्ही नियमांतला सगळ्यात खोल फरक हाच आहे.

आता मुंबई-न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तर, ७३ पूर्व. न्यूयॉर्क ४१ उत्तर, ७४ पश्चिम. ध्रुवापासूनची अंतरं ७१ आणि ४९ अंश, ध्रुवाशी कोन ७३ + ७४ = १४७.

```
cos c = cos71·cos49 + sin71·sin49·cos147
      = 0.2136 − 0.5985 = −0.3849
c = 112.6°  →  सुमारे 12,500 किमी
```

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ध्रुवापासूनच्या अंतराऐवजी अक्षांशच a आणि b म्हणून घालणं. तसं केलं तर ६,४०० किमी येतात, म्हणजे खऱ्याच्या जवळपास निम्मे. मुंबईहून लंडनच ७,००० किमीच्या वर आहे हे आठवलं तरी चूक लगेच ध्यानात येते.

याच मापांना सपाट सूत्र लावलं तर ११५.२ अंश येतात, सुमारे १२,८०० किमी. फरक पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा. 'जवळजवळ बरोबर' हे म्हणणं इथपर्यंत खरं आहे, आणि त्याचं कारणही सापडतं. ध्रुवापासून निघणारी अंतरं त्या नकाशावर अचूकच असतात. ध्रुवाशी कोन १८० च्या जवळ गेला की वाटही ध्रुवाजवळून जाते, आणि मग सगळी वाट जवळजवळ त्या अचूक अंतरांचीच बेरीज होते. मुंबई-न्यूयॉर्क ही जोडी या नकाशाला फारच सोयीची आहे.

दक्षिणेची जोडी घ्या. सिडनी ३४ अंश दक्षिण, १५१ पूर्व. चिलीचं सांतियागो ३३ दक्षिण, ७१ पश्चिम. उत्तर ध्रुवापासून १२४ आणि १२३ अंश, मधला कोन १३८. गोलाचा नियम १०२ अंश देतो, सुमारे ११,४०० किमी. सपाट सूत्र २३०.६ अंश देतं, म्हणजे २५,६०० किमीच्या वर. या दोन शहरांमध्ये थेट विमान जातं आणि त्याला बारा-तेरा तास लागतात. प्रवासी विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं. २५,६०० किमी तेवढ्या वेळात कापायचे तर ताशी दोन हजार किमी वेग लागेल. विमानं वारे बघून आणि बंद हवाई हद्दी टाळून बृहद्‌वृत्तापासून थोडी सरकतात, हे खरं. पण त्या सरकण्याने अंतर दुपटीच्या वर जात नाही.

चौथ्या मुद्द्यातलं निरीक्षण बरोबर आहे. मीही करून पाहिलं. १०० मीटर अंतराला cos c ची किंमत १ पेक्षा फक्त ०.०००००००००१२ ने कमी असते. दहा दशांश स्थळं ठेवली तर 0.9999999999 उरतं, त्यातून उलट c काढला की ९० मीटर येतात. दहा मीटरला तर शून्यच. यात नियम चुकत नाही, सगळी माहिती शेवटच्या अंकात दाबली जाते आणि तो अंक आपणच कापतो. संगणकाच्या नेहमीच्या पंधरा-सोळा अंकी गणितात हा त्रास मीटरच्या आत येतो. उपाय जुना आहे आणि दर्यावर्दी तो कोष्टकांतून वापरत आले आहेत. cos च्या जागी अर्ध्या कोनाच्या sine चा वर्ग लिहायचा:

```
sin²(c/2) = sin²((a−b)/2) + sin a · sin b · sin²(C/2)
```

हे दुसरं सूत्र नाही, 1 − cos x = 2 sin²(x/2) घालून त्याच नियमाची केलेली फेरमांडणी आहे. हिच्यात लहान अंतर लहान संख्या म्हणूनच राहतं, १ मधून वजा होत नाही, त्यामुळे शंभर मीटरचे शंभरच मिळतात. लांबच्या अंतरांत मात्र दोन्ही मांडण्यांत एक उणीव सारखीच राहते. पृथ्वी विषुववृत्ताशी ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ किमी त्रिज्येची आहे, नेमका गोल नाही. त्यामुळे उत्तर जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास हलतं. मुंबई-न्यूयॉर्कला ही मर्यादा साठेक किलोमीटरची होते. तेवढं खटकत असेल तर लंबगोलाची सूत्रं घ्यावी लागतात. सपाट कागदाकडे परत जाऊन ती चूक कमी होत नाही.